मॉडेलमधली भिंत, बिलातली भिंत

बांधकामाचं अंदाजपत्रक म्हणजे मुळात दोन रकान्यांचा गुणाकार. एका रकान्यात काम किती ते, दुसऱ्यात त्या कामाचा दर. दरासाठी सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची असते, बाजारभाव असतो, दोन-तीन कंत्राटदारांची कोटेशनं असतात. वेळ खाणारा रकाना पहिला. नकाशा टेबलावर पसरायचा, प्रत्येक भिंतीची लांबी, उंची आणि जाडी मोजमापाच्या तक्त्यात उतरवायची, दारं-खिडक्यांची वजावट करायची, मग बेरीज. हे सगळं संपत येतं तेव्हा आर्किटेक्टचा निरोप येतो की बेडरूमची भिंत एक फूट सरकवली आहे.

बीआयएम या पद्धतीचं आकर्षण नेमकं इथे आहे. यात इमारत रेषांनी काढत नाहीत, वस्तूंनी रचतात. साध्या कॅड नकाशात भिंत म्हणजे दोन समांतर रेघा. त्या भिंतीच्या आहेत हे बघणाऱ्याला कळतं, संगणकाला नाही. बीआयएम मॉडेलमध्ये भिंत ही ‘भिंत’ म्हणूनच नोंदलेली असते. तिला लांबी, उंची, जाडी असते, ती कुठल्या मजल्यावर आहे हे ठाऊक असतं, आणि तिच्यातलं दार हे तिला पाडलेल्या भोकात बसवलेलं असतं. त्यामुळे ‘या मजल्यावर किती भिंत?’ असं विचारलं की क्षणात उत्तर येतं. ही कल्पना जुनी आहे. चार्ल्स ईस्टमन यांनी १९७५ साली नकाशांऐवजी संगणकात इमारतीचं वर्णन साठवावं असं मांडलं, तेव्हाच त्यातून मालाची परिमाणं आपोआप निघतील असंही म्हटलं होतं. आपल्याकडे नागपूर मेट्रोच्या कामात ‘फाइव्ह-डी बीआयएम’ हा शब्द गाजला, त्यातली पाचवी मिती म्हणजे खर्चच. चौथी म्हणजे वेळापत्रक.

क्षणात येणाऱ्या या उत्तरावर किती भरवसा ठेवायचा, हे मात्र मॉडेल उघडून बघितल्याशिवाय कळत नाही. त्यासाठी एक लहान घर घेऊ. तळमजला, चार खोल्या, बाहेरून बाहेर ९.३५ मीटर लांब आणि ७ मीटर रुंद. आरसीसी सांगाडा, खांब २३० बाय ४५० मिलिमीटर, बीम २३० रुंद आणि ४५० खोल, स्लॅब १२५ जाड. फ्लोअरच्या स्लॅबपासून वरच्या स्लॅबच्या माथ्यापर्यंत उंची तीन मीटर. आतल्या भिंती १५० मिलिमीटरच्या एएसी ब्लॉकच्या.

आकडे बाहेर काढायचे रस्ते मुख्यतः दोन. रेव्हिटसारख्या ज्या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल बनलं, त्यातच ‘शेड्यूल’ नावाचा तक्ता तयार करता येतो. दुसरा रस्ता आयएफसी फाइलचा. कुठल्याही कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून निघणारी आणि कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडणारी ही सामाईक फाइल; तिचा आराखडा आयएसओ १६७३९ या आंतरराष्ट्रीय मानकात आहे. तिच्यात भिंतीला IfcWall, स्लॅबला IfcSlab आणि दाराला IfcDoor म्हणतात, आणि प्रत्येकाला मोजमापांची एक पुडी जोडता येते. आयएफसी वाचणारं एक मोफत साधन वापरलं तर भिंतींची यादी एवढ्या ओळींत हाती येते:

```python
import ifcopenshell
import ifcopenshell.util.element as ue

model = ifcopenshell.open("ghar.ifc")
for w in model.by_type("IfcWall"):
    q = ue.get_psets(w, qtos_only=True)
    q = q.get("Qto_WallBaseQuantities", {})
    print(w.GlobalId, w.Name, q.get("Length"),
          q.get("NetSideArea"), q.get("NetVolume"))
```

इथे NetSideArea म्हणजे दारं-खिडक्या वजा जाऊन उरलेलं एका बाजूचं क्षेत्रफळ, NetVolume म्हणजे तसंच घनफळ. पहिल्याच वेळी अनेकांना सगळीकडे None दिसतं. घाबरण्याचं कारण नसतं. बहुतेक वेळा फाइल बाहेर काढताना Export base quantities या चौकटीत खूण केलेली नसते, किंवा फाइल जुन्या आवृत्तीची असते आणि तिच्यात त्या पुडीचं नाव नुसतं BaseQuantities असतं.

यादी आली. आता आपल्या घराच्या मधल्या आडव्या भिंतीचा एक तुकडा घेऊ, दोन खांबांच्या मधला. खांबाच्या मध्यापासून मध्यापर्यंत ४.४५ मीटर. त्यात ९०० बाय २१०० चं एक दार. मॉडेल सांगतं: एकूण क्षेत्रफळ ४.४५ गुणिले ३.००, म्हणजे १३.३५ चौरस मीटर. त्यातून दाराचे १.८९ गेले, उरले ११.४६. जाडीने गुणलं की १.७२ घनमीटर ब्लॉककाम.

आता साइटवर जाऊन तीच भिंत बघा. खांबांना ४५० मिलिमीटर लांबी आहे, तेव्हा ब्लॉक लागणार तो दोन खांबांच्या मधल्या मोकळ्या चार मीटरमध्ये. वर बीम आहे, तेव्हा ब्लॉक चढणार २.५५ मीटरपर्यंतच. क्षेत्रफळ झालं १०.२०. दार वजा केलं की ८.३१. दारावर १.२० मीटर लांब आणि १५ सेंटिमीटर उंच लिंटल आहे, ते काँक्रीटच्या हिशोबात जातं, त्याचे ०.१८ वजा. उरले ८.१३ चौरस मीटर, म्हणजे १.२२ घनमीटर. मॉडेलचा आकडा खऱ्या कामापेक्षा ४१ टक्क्यांनी जास्त.

सॉफ्टवेअरने गणितात काही चूक केलेली नाही. त्याला दिलेली भिंत त्याने तंतोतंत मोजली. ती भिंत ग्रिडपासून ग्रिडपर्यंत आणि मजल्यापासून मजल्यापर्यंत काढलेली होती, खांबातून आणि बीममधून आरपार. आर्किटेक्ट असं काढतो कारण त्याला ते सोपं असतं आणि त्याच्या नकाशात त्याने काही बिघडत नाही. त्यातून आर्किटेक्टचं मॉडेल एका फाइलमध्ये आणि स्ट्रक्चरल कन्सल्टंटचं दुसऱ्या फाइलमध्ये असतं. दोन्ही एकमेकांवर ठेवून पडद्यावर एकत्र दिसतात, पण एका फाइलमधला बीम दुसऱ्या फाइलमधली भिंत आपणहून कापत नाही. चित्रात भिंत बीमखाली संपल्यासारखी दिसते, कारण बीम तिच्याहून रुंद आहे आणि तिला झाकतो.

हे ओळखण्याची माझी आवडती खूण फार साधी आहे. भिंतींच्या यादीत उंचीचा रकाना वाचायचा. सगळ्या भिंती नेमक्या ३.०० असतील, तर त्या बीमपर्यंत आणायचे कष्ट कोणीही घेतलेले नाहीत. नीट बांधलेल्या मॉडेलमध्ये २.५५, २.४०, २.८७५ असे वेगवेगळे आकडे दिसतात, कारण बीमची खोली जागोजाग बदलते आणि कुठे भिंत थेट स्लॅबखाली असते. मग दोन-तीन ठिकाणी उभा छेद घेऊन डोळ्यांनी खात्री करायची. दुरुस्ती शक्यतो मॉडेलमध्येच करून घ्यावी. ते होत नसेल तर आपल्या तक्त्यात खांब आणि बीम यांची वजावट वेगळ्या रकान्यात, दिसेल अशी करावी. पुढच्या वेळी सुधारलेलं मॉडेल आलं की ती वजावट काढून टाकायची असते, आणि ती आकड्यात मुरवून टाकली असेल तर कोणाच्या लक्षात राहत नाही.

जाडीतही एक पेच आहे. काही जण भिंत थरांसकट रचतात: मध्ये १५० चा ब्लॉक, दोन्हीकडे १२ मिलिमीटर गिलावा. मग भिंतीची जाडी १७४ होते, आणि एकूण घनफळ उचललं तर गिलाव्याच्या जागीही ब्लॉक विकत घेतला जातो. अशा मॉडेलमध्ये भिंतीचं नव्हे, थरांचं वेगवेगळं घनफळ काढावं लागतं. याउलट Generic - 200mm अशा नावाची भिंत दिसली, तर ती वीट आहे, ब्लॉक आहे की काँक्रीट हे कोणी ठरवलेलंच नाही. तिला दर लावण्याआधी फोन उचलावा.

समजा भिंत दुरुस्त झाली. आता तिच्या गिलाव्याकडे वळू, कारण इथे मॉडेल उलट्या दिशेने चुकतं. दोन्ही बाजूंना सारखाच गिलावा आहे. लिंटलवरही गिलावा होतो, म्हणून त्याची वजावट नाही. दुरुस्त मॉडेलचं उत्तर: एका बाजूचे १०.२० वजा १.८९, दुप्पट करून १६.६२ चौरस मीटर. पण आपल्याकडे काम मोजायचं ते आयएस १२०० या मानकाप्रमाणे, आणि गिलाव्यासाठी त्याचा नियम असा आहे: अर्धा चौरस मीटरपर्यंतच्या उघाडाची वजावट करायचीच नाही. अर्ध्यापासून तीन चौरस मीटरपर्यंत असेल तर दोनपैकी एकाच बाजूची वजावट करायची. त्याच्या बदल्यात दाराच्या बगलांचा आणि वरच्या पट्टीचा गिलावा वेगळा मोजायचा नाही. तीन चौरस मीटरच्या वर गेलं की दोन्ही बाजू वजा, आणि बगला वेगळ्या जमा.

आपलं दार १.८९ चं, म्हणजे मधल्या गटातलं. गिलावा झाला २०.४० वजा १.८९, म्हणजे १८.५१. मॉडेलपेक्षा जवळजवळ दोन चौरस मीटर जास्त, आणि कंत्राटदार मापपुस्तकात हाच आकडा लिहून बिल मागणार. संडासातला ६०० बाय ६०० चा झरोका ०.३६ चौरस मीटरचा. मॉडेल त्याची दोन्ही बाजूंनी वजावट करतं, नियम एकाही बाजूने करत नाही. वीटकामात हीच मर्यादा ०.१ चौरस मीटर आहे, म्हणजे त्याच झरोक्याची ब्लॉककामातून मात्र वजावट होते. हे नियम पट्टीने मोजण्याच्या काळात किचकट बगला टाळण्यासाठी केले गेले असणार. संगणकाला बगला मोजायला कष्ट पडत नाहीत हे खरं, पण निविदा, दरसूची आणि बिल हे तिन्ही अजून त्या नियमावर उभे आहेत, आणि अंदाजपत्रकाने त्यांच्याशी जुळायला हवं. म्हणून मॉडेलमधून निव्वळ क्षेत्रफळ न घेता एकूण क्षेत्रफळ आणि प्रत्येक उघाडाचं माप अशा दोन याद्या घ्याव्यात, आणि वजावटीचा नियम आपल्या तक्त्यात लावावा. आयएफसीमध्ये प्रत्येक भोक IfcOpeningElement म्हणून वेगळं नोंदलेलं असतं, त्यामुळे हे करता येतं.

ब्लॉक जास्त आणि गिलावा कमी, तेव्हा फिट्टंफाट होईल असं समजू नये. दोन्हींचे दर वेगळे, आणि कुठल्या इमारतीत कुठली चूक वरचढ ठरेल हे खोल्यांच्या आकारावर आणि दारांच्या संख्येवर ठरतं.

स्लॅबचा प्रकार त्या मानाने सरळ आहे. आपल्या घराचा स्लॅब ९.३५ गुणिले ७.००, म्हणजे ६५.४५ चौरस मीटर. १२५ जाडीने ८.१८ घनमीटर. बीमच्या तीन लांब रांगा आणि तीन आडव्या रांगा, कोपरे दोनदा न मोजता एकूण ४६.९८ मीटर. पूर्ण ४५० खोलीने त्यांचं घनफळ ४.८६. बेरीज १३.०४ घनमीटर. पण बीमचा वरचा १२५ मिलिमीटर भाग म्हणजेच स्लॅब. तिथलं काँक्रीट दोन्ही याद्यांत आलं आहे: ४६.९८ गुणिले ०.२३ गुणिले ०.१२५, म्हणजे १.३५ घनमीटर. खरा आकडा ११.६९. हातानं मोजणारा माणूस ही चूक करत नाही, कारण बीमची खोली स्लॅबच्या तळापासून घ्यायची हे त्याला पहिल्या दिवशी शिकवलेलं असतं. सॉफ्टवेअरमध्ये बीम आणि स्लॅब जोडून घेतले तर समान भाग एकदाच मोजला जातो. जोडले नसतील तर दोनदा. तपासायला एक बीम निवडून त्याचं घनफळ वाचायचं आणि लांबी गुणिले रुंदी गुणिले पूर्ण खोलीशी ताडून बघायचं. तंतोतंत जुळलं तर बीम कापलेला नाही. अर्थात स्लॅबच कापला गेला नाही ना, हेही बघायचं. तसं असेल तर बेरीज बरोबर असते, फक्त वाटणी वेगळी.

स्लॅबच्या बाबतीत मॉडेलमध्ये मुळात नसलेली गोष्ट म्हणजे सेंट्रिंग. फळ्या, प्लेटा, टेकू हे काम संपलं की निघून जातं, म्हणून आर्किटेक्टच्या मॉडेलमध्ये ते नसतंच. त्याचं क्षेत्रफळ स्लॅबवरून काढावं लागतं, आणि स्लॅबचे ६५.४५ तसेच उचलून चालत नाही. बीमच्या माथ्याखाली स्लॅबची प्लेट लागत नाही. बीमचा १०.८१ चौरस मीटर ठसा वजा केला की स्लॅबखालचं सेंट्रिंग ५४.६४ उरतं, बीमचे तळ आणि बगला वेगळ्या. लोखंडाचंही तेच. सळ्यांचं मॉडेल वेगळं केलेलं नसेल तर घनमीटरमागे इतके किलो असा ठोकताळा धरावा लागतो, आणि तो ठोकताळा आहे हे अंदाजपत्रकात लिहावं. बाथरूमचा खाली घेतलेला सनकन स्लॅब मॉडेलमध्ये सपाटच राहून गेलेला अनेकदा दिसतो. बाथरूमखालच्या स्लॅबची पातळी वाचली की ते लगेच कळतं.

दारं मोजणं सगळ्यांत सोपं वाटतं, कारण ती नुसती नग असतात. घरात सहा दारं, यादीत सहा ओळी. पण अंदाजपत्रकात दार ही एक ओळ नसते. सागाची चौकट घनमीटरमध्ये, फळा चौरस मीटरमध्ये, बिजागऱ्या, कडी, कुलूप नगावर, आणि पॉलिश किंवा रंग पुन्हा क्षेत्रफळावर. आपल्या ९०० बाय २१०० दाराला १०० बाय ६५ ची चौकट, उंबरठा नाही असं धरलं, तर ५.१० मीटर लाकूड, म्हणजे ०.०३३ घनमीटर. फळा मोजायचा तो चौकटीच्या खाचेत बसणाऱ्या भागासकट. खाच १२ मिलिमीटरची असेल तर रुंदी ०.७९४ आणि उंची २.०४७, क्षेत्रफळ १.६३ चौरस मीटर. मॉडेलमधलं Area १.८९ सांगतं, कारण ते भोकाचं माप आहे. काही लायब्ररींमध्ये मात्र रुंदी म्हणून फळ्याचं माप दिलेलं असतं आणि चौकट त्याच्या बाहेर. दोन्हींपैकी काय आहे हे कळायला एका दाराचं माप पडद्यावर प्रत्यक्ष घ्यावं लागतं, दुसरा उपाय नाही.

दाराच्या नावावरूनही बरंच कळतं. यादीत M_Single-Flush आणि पुढे 0915 x 2134mm दिसलं, तर हे दार कोणी निवडलेलं नाही. तीन फूट बाय सात फूट हे अमेरिकन माप मिलिमीटरमध्ये बदलून सॉफ्टवेअरबरोबर आलेलं असतं. मॉडेल करणाऱ्याने जागा भरण्यासाठी ते ठेवलं आणि पुढे गेला. बेडरूमचं लॅमिनेट लावलेलं दार आणि बाथरूमचं ग्रॅनाइट चौकटीतलं एफआरपी दार दोन्ही याच नावाखाली सापडतात. अशा वेळी दारांच्या नकाशातला डी-१, डी-२ तक्ता खरा मानावा आणि मॉडेलमधून फक्त जागा आणि संख्या घ्यावी.

संख्याही एकदा तपासावी. कॉपी-पेस्ट करताना एका दारावर तंतोतंत दुसरं दार बसतं, चित्रात एकच दिसतं आणि यादीत दोन येतात. रेव्हिट याची सूचना देतं, There are identical instances in the same place. This will result in double counting in schedules. अशा शब्दांत, पण मोठ्या मॉडेलमध्ये सूचनांचा ढीग साचलेला असतो आणि कोणी तो वाचत नाही. अंदाजपत्रक करणाऱ्याने ती यादी मागून घ्यावी आणि हे एक वाक्य शोधावं. भिंती आणि स्लॅबसुद्धा असे एकावर एक सापडतात.

हे सगळं वाचून कोणी म्हणेल की मग पट्टी आणि नकाशाच बरे. मला तसं वाटत नाही. दुरुस्त केलेल्या मॉडेलचा फायदा पहिल्या अंदाजपत्रकात तितकासा दिसत नाही, कारण तपासण्यात बराच वेळ जातो. तो दिसतो दुसऱ्या आणि तिसऱ्या बदलाच्या वेळी. आयएफसीमधल्या प्रत्येक वस्तूला बावीस अक्षरांचा GlobalId असतो. जुन्या आणि नव्या फाइलच्या याद्या या ओळखीवर जुळवल्या की कुठल्या भिंतीची लांबी बदलली, कुठलं दार गेलं, कुठलं नवीन आलं हे वेगळं निघतं, आणि अंदाजपत्रकातल्या तेवढ्याच ओळी हलतात. बेडरूमची भिंत सरकली तर घरमालकाला त्याच दिवशी सांगता येतं की ब्लॉक किती वाढला, गिलावा किती आणि रुपये किती.

यालाही एक अट आहे. मॉडेल करणाऱ्याने भिंत सरकवली तर तिची ओळख टिकते. पुसून परत काढली तर नवी ओळख मिळते, मग भिंत जागची हललेली नसली तरी यादीत एक नाहीशी आणि एक नवी असं दिसतं. म्हणून तुलना करताना सगळ्यांत आधी हे दोन आकडे बघावेत. दोन्ही मोठे आणि जवळपास सारखे असतील, तर इमारत बहुधा फारशी बदललेली नाही, कोणीतरी तो मजला नव्याने काढला आहे. अशा वेळी ओळखीवर न जुळवता मजला, जागा आणि प्रकार यांवर जुळवावं लागतं.